स्मार्ट कँपेन पुरे, की एक्स्पर्ट मोड? एसी दुरुस्तीच्या जाहिरातीचा हिशोब

प्रश्न: पुण्यात कोथरूडला माझं एसी दुरुस्तीचं काम आहे, हाताखाली दोन पोरं आहेत. गूगलवर स्मार्ट कँपेन चालू आहे, रोजचे 500 रुपये. दोन महिन्यांत 29,800 गेले, 1,490 क्लिक आले आणि ॲपमध्ये 142 कॉल दिसतात. माझ्या वहीत मात्र जाहिरातीवरून आलेले 31 फोन आणि 14 कामंच आहेत. जाहिरात सोडून बाकी सगळा खर्च जाता एका कामामागे सरासरी 700 सुटतात. एक ओळखीचा म्हणतो एक्स्पर्ट मोडला जा, दुसरा म्हणतो परफॉर्मन्स मॅक्स लाव. नक्की काय करू?

उत्तर:

एक्स्पर्ट मोडला, म्हणजे खात्याची सगळी सेटिंग दाखवणाऱ्या पडद्याला जा आणि साधं सर्च कँपेन, म्हणजे गूगलवर शोधणाऱ्यांनाच दिसणारी जाहिरात उभी करा, पण आधी फोन मोजायची पद्धत बदला. गूगलच्या सगळ्या माध्यमांवर एकदम जाहिरात दाखवणारं परफॉर्मन्स मॅक्स सध्या नको. का, ते तुमच्याच आकड्यांवरून सांगतो.

ॲपमध्ये दिसणारा खर्च जीएसटी सोडून असतो. 29,800 वर 18 टक्के धरले की 35,164 होतात. तुम्ही आधी पैसे भरून जाहिरात चालवत असाल तर हे कळायला सोपं आहे: 1,000 भरले की खात्यात 847 च्या आसपासच जमा होतात. नेहमीच्या पद्धतीची जीएसटी नोंदणी असेल तर हा कर वळता करून घेता येतो, नसेल तर तो खर्चातच धरायचा. 35,164 ला 14 कामांनी भागलं की एका कामामागे 2,512 रुपये जाहिरातीला गेले. सुटतात 700. म्हणजे प्रत्येक कामात अठराशे रुपये खिशातून गेले. ॲपवर मात्र 29,800 भागिले 142, म्हणजे 210 रुपयांना एक कॉल असं छान चित्र दिसतं. तुमचा खरा प्रश्न या दोन चित्रांमधल्या फरकात आहे.

142 कुठून आले

स्मार्ट कँपेन 'कॉल' म्हणून बऱ्याचदा बटणावरचा टॅप मोजतं, झालेलं बोलणं नाही. एक्स्पर्ट मोडला गेल्यावर `Goals` मध्ये जाऊन रूपांतरणांची, म्हणजे गूगल ज्या कृती जाहिरातीचं यश म्हणून मोजतं त्यांची यादी उघडा. तिथे `Smart campaign ad clicks to call`, `Smart campaign map clicks to call`, `Smart campaign map directions` अशी नावं दिसतील. नावातच सगळं आहे. `clicks to call` म्हणजे जाहिरातीतल्या किंवा नकाशावरच्या फोनच्या बटणावर बोट पडलं. त्यानंतर मोबाइलवर डायलर उघडतो, नंबर दिसतो आणि माणसाला पुन्हा हिरवं बटण दाबावं लागतं. तिथून किती जण मागे फिरतात हे स्मार्ट कँपेनला कळत नाही. चुकून लागलेलं बोटही त्यात धरलं जातं.

तुमच्या बाजूनेही एक गळती असेल, ती आधी तपासा. वहीत 31 आहेत ते तुम्ही उचललेले फोन. शिडीवर चढून आउटडोअर युनिट उघडलेलं असताना आलेला फोन वहीत येत नाही. मोबाइलमधल्या मिस्ड कॉलची यादी काढा आणि अनोळखी नंबर किती वेळा तसेच राहिले ते मोजा. ते वीस-पंचवीस निघाले तर दोष फक्त जाहिरातीचा नाही, आणि कँपेन कुठलंही लावलं तरी ते फोन वायाच जाणार.

आता महत्त्वाची गोष्ट. स्मार्ट कँपेनमध्ये बोली, म्हणजे एका क्लिकला किती मोजायचं तो आकडा, तुम्ही लावत नाही, यंत्रणा लावते, आणि ती 'जास्त कॉल' या ध्येयाकडे बघून लावते. कॉल म्हणजे तिच्या लेखी टॅप. साहजिकच ती स्वस्तात टॅप करणारी माणसं शोधायला शिकते. ज्याचा एसी खरंच बंद पडलाय आणि जो पाच दुकानदारांच्या जाहिरातींसमोर उभा आहे, त्याचा क्लिक महाग. मोबाइलवर काहीतरी वाचता वाचता बोट लागलेल्या माणसाचा क्लिक स्वस्त. तुम्हाला सरासरी 20 रुपयांना क्लिक पडला, पण एका खऱ्या फोनला 48 क्लिक लागले. क्लिक स्वस्त आणि फोन महाग असं गणित दिसलं की यंत्रणा चुकीच्या गोष्टीचा पाठलाग करते आहे, असा संशय घ्यायचा.

पैसे नक्की कुठे गेले

2011 साली गूगलने छोट्या व्यावसायिकांसाठी ॲडवर्ड्स एक्स्प्रेस काढलं आणि 2018 मध्ये ॲडवर्ड्सचं गूगल ॲड्स झालं तेव्हा त्या जागी स्मार्ट कँपेन आलं. कल्पना तेव्हापासून तीच आहे: दुकानदाराला विषय, परिसर आणि बजेट विचारायचं, बाकी आपण बघायचं. या 'बाकी'त तीन गोष्टी झाकल्या जातात.

पहिली, जाहिरात कुठे दिसली. ती गूगल सर्च आणि नकाशावर तर दिसतेच, शिवाय यूट्यूब, जीमेल आणि गूगलच्या भागीदार वेबसाइटवरही दिसू शकते. 'मला फक्त सर्च हवं' असं सांगायची सोय स्मार्टमध्ये नाही. याचा अंदाज घ्यायची एक ढोबळ युक्ती आहे. कँपेनच्या पानावर `Search phrases` हा भाग उघडा, लोकांनी टाइप केलेल्या शब्दांसमोरचे क्लिक बेरजेला घ्या आणि एकूण क्लिकशी ताडून बघा. समजा बेरीज 600 आली आणि एकूण 1,490 आहेत. उरलेल्या 890 पैकी काही सर्चचेच असतील, कारण फार कमी लोकांनी केलेले शोध गूगल 2020 पासून यादीत दाखवत नाही. पण एवढी मोठी तफावत फक्त तेवढ्याने भरून निघणं अवघड आहे.

दुसरी गोष्ट, शब्द. तुम्ही जे भरलंत ते कीवर्ड नसून कीवर्ड थीम आहेत. 'एसी रिपेअर' ही थीम दिली की यंत्रणा तिच्या आसपासचं सगळं आपलं मानते. त्यात एसी रिपेअरिंगचा कोर्स शोधणारा, गाडीचा एसी भरून घेणारा, दीड टनाच्या नव्या एसीची किंमत बघणारा, रिमोट हरवलेला आणि टेक्निशियनची नोकरी शोधणारा असे सगळे येतात. `Search phrases` च्या यादीत नको असलेले शब्द बंद करता येतात, नकारात्मक थीमही टाकता येतात. ते आजच करा, फुकट आहे. पण थीमला कडा नसतात. 'ac price' नको पण 'ac service price' हवं, इतकं बारीक तिथे सांगता येत नाही. आणि तुमच्या धंद्यात या दोन शोधांत जमीन-अस्मानाचा फरक आहे: पहिला दुकानात नवा एसी घ्यायला चाललाय, दुसरा सर्व्हिसिंग कितीला पडेल ते विचारतोय.

तिसरी, परिसर. तुम्ही दुकानाभोवती आठ-दहा किलोमीटरचं वर्तुळ टाकलं असणार. वर्तुळाला नदी, पूल आणि चांदणी चौकातली संध्याकाळची गर्दी दिसत नाही. शिवाय परिसराबाहेर बसलेल्या पण शोधात 'कोथरूड' लिहिणाऱ्या माणसालाही जाहिरात दिसू शकते. पुण्यातल्या आईवडिलांसाठी बेंगळुरूहून शोधणारा मुलगा असेल तर तो चांगलाच ग्राहक आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण हे दार उघडं ठेवायचं की बंद, हे ठरवायचा हक्क स्मार्टमध्ये तुमच्याकडे नाही.

जायचं कधी, नाही कधी

सगळ्यांनी स्मार्ट सोडावं असं माझं अजिबात म्हणणं नाही. वहीतले फोन आणि ॲपमधले कॉल जवळपास जुळत असतील, एका कामामागचा खर्च सुटणाऱ्या पैशांच्या आत असेल आणि सेवा एकाच प्रकारची असेल, तर हात लावू नका. रोजचं बजेट 150-200 असेल तरीही घाई नको. सर्चवर तेवढ्यात दिवसाला पाच-सातच क्लिक येतात, त्यातून काय चाललंय हे कळायलाच दोन महिने जातात. आणि आठवड्याला अर्धा-पाऊण तास देणं जमणार नसेल तर स्मार्टच बरं. सर्च कँपेनमध्ये नुसतं `ac repair` असं अवतरणचिन्हाशिवाय टाकलेला कीवर्ड ब्रॉड मॅच होतो, म्हणजे आसपासच्या विषयांचे शोधही धरतो. तो वाऱ्यावर सोडला तर स्मार्टपेक्षा लवकर पैसे खातो.

तुमच्या बाबतीत मात्र जाण्याचं एक ठोस कारण आहे, आणि ते बजेटपेक्षा मोठं आहे. 700 ही सरासरी आहे. साध्या सर्व्हिसिंगमध्ये समजा 250 सुटतात आणि गॅस भरणं किंवा पीसीबी दुरुस्तीत 1,200. स्मार्ट कँपेनला हा फरक सांगायची जागाच नाही. त्याच्यासाठी दोन्ही कॉल सारखे. ज्याच्याकडे नफ्याच्या दोन वेगवेगळ्या पातळ्यांची कामं आहेत, त्याला दोन वेगवेगळ्या बोली लावता आल्याच पाहिजेत.

वेळ बघून करा. एसीचा हंगाम मार्च ते मे. ऐन एप्रिलमध्ये चालू गाडीचं इंजिन उतरवू नका. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. हंगाम सुरूच झाला असेल तर स्मार्टचं बजेट 150 वर आणा, नव्या सर्चला 350 द्या, आणि दोन-तीन आठवड्यांनी स्मार्ट थांबवा.

आधी मोजमाप

एक नवं सिमकार्ड घ्या. तो नंबर फक्त जाहिरातीत आणि जाहिरातीतून उघडणाऱ्या पानावर ठेवा, व्हिजिटिंग कार्डावर किंवा गाडीवर नको. हा फोन कोणीतरी उचलेल अशा माणसाकडे द्या. महिनाअखेर त्या फोनच्या कॉल लॉगमध्ये जाहिरातीचा सगळा खरा हिशोब बसलेला असतो: किती आले, किती उचलले, किती वेळ बोलणं झालं. गूगल जाहिरातीतला नंबर तुमचाच आहे का हे पडताळतं. वेबसाइटवर तोच नंबर ठळक दिसत असेल तर ते काम सोपं होतं.

खात्यात कॉल रिपोर्टिंग, म्हणजे जाहिरातीवरून आलेल्या कॉलची गूगलकडे नोंद, चालू करता येत असेल तर तेही करा आणि कॉल कमीत कमी 60 सेकंद चालला तरच मोजायचा असं ठरवा. दुरुस्तीच्या फोनवर पत्ता, एसीचा प्रकार आणि वेळ विचारेपर्यंत मिनिट होतंच. 'कंपनीवाले का?' विचारून ठेवून देणारा वीस सेकंदांत संपतो.

प्रत्यक्ष उभारणी

खात्याच्या सेटिंगमध्ये `Switch to Expert Mode` असं येतं. ते दाबल्याने फक्त खात्याचा पडदा बदलतो, तुमचं जुनं स्मार्ट कँपेन स्मार्टच राहतं. पुष्कळ लोक इथे फसतात, 'एक्स्पर्टला गेलो तरी काही फरक नाही' म्हणतात, कारण चालू असतं ते जुनंच. नवं कँपेन वेगळं करावं लागतं. त्याआधी `Search phrases` ची यादी क्लिकच्या आकड्यांसह उतरवून घ्या. दोन महिने पैसे मोजून मिळालेला कच्चा माल तोच आहे, आणि नवीन कँपेनमध्ये तो आपोआप येत नाही. तुम्ही टाकलेल्या नकारात्मक थीमही येत नाहीत.

नवं कँपेन करताना ध्येयाच्या मदतीशिवाय पुढे जाण्याचा पर्याय घ्या, प्रकार `Search`. नेटवर्कच्या जागी दोन खुणा आधीच केलेल्या असतात, एक सर्च भागीदारांची आणि एक इतर वेबसाइटवर जाहिरात दाखवणाऱ्या डिस्प्ले नेटवर्कची. दोन्ही काढा. डिस्प्लेची खूण राहिली तर ज्या गळतीसाठी हा खटाटोप केला तीच पुन्हा सुरू होते.

परिसरासाठी एका मोठ्या वर्तुळाऐवजी लहान लहान वर्तुळं टाका: कोथरूड, कर्वेनगर, वारजे, बावधन, एरंडवणे, प्रत्येकी दोन-अडीच किलोमीटर. तुमचा पोरगा अर्ध्या तासात जिथे पोचतो तेवढंच. मग `Location options` उघडून `Presence` वाला पर्याय निवडा, म्हणजे जाहिरात त्या भागात असलेल्या किंवा नेहमी येणाऱ्या माणसांनाच दिसेल. हा पर्याय आपणहून निवडलेला नसतो. भाषेत इंग्रजी, हिंदी आणि मराठी तिन्ही ठेवा. ज्याचा फोन इंग्रजीत आहे तोही 'एसी दुरुस्ती' असं टाइप करतो.

कीवर्ड मोजकेच. दोन जाहिरात गट करा, एक दुरुस्तीचा आणि एक सर्व्हिसिंगचा. दुरुस्तीच्या गटात सुरुवातीला एवढे पुरतात:

```
"ac repair"
"ac gas filling"
"ac not cooling"
"एसी रिपेअर"
"एसी दुरुस्ती"
[ac repair kothrud]
```

अवतरणचिन्हातला फ्रेज मॅच, म्हणजे शोधात तो अर्थ आला की पुरे, मागेपुढे शब्द असले तरी चालतात. चौकटी कंसातला एक्झॅक्ट. एक्झॅक्ट म्हणजे शब्दशः तोच, असं आता राहिलेलं नाही. त्याच अर्थाचे शोधही त्यात येतात. त्यामुळे शब्दांचे शंभर प्रकार लिहीत बसू नका, तो वेळ नकारात्मक यादीला द्या:

```
course
job
salary
car
remote
rent
"ac price"
"how to"
"customer care"
```

नकारात्मक शब्दांचा स्वभाव उलटा असतो. ते समानार्थी शब्द आपणहून धरत नाहीत. `job` टाकलं म्हणून 'vacancy' अडत नाही, `course` ने 'courses' आणि 'कोर्स' अडत नाही, सगळी रूपं वेगळी लिहावी लागतात. `"ac price"` अवतरणात टाकण्याचं कारण वर आलंच आहे: '1.5 ton ac price' अडतं, 'ac service price' सुटतं. तेच नुसतं `price` टाकलंत तर चांगले ग्राहकही अडतील. 'service center' हा शब्द मुद्दाम यादीत घेतलेला नाही. कंपनीचं अधिकृत केंद्र शोधणारे तो वापरतात हे खरं, पण आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानालाही लोक सर्व्हिस सेंटरच म्हणतात. महिनाभर बघा आणि मग ठरवा.

दोन स्विच आवर्जून बंद करा. कँपेनच्या सेटिंगमध्ये `AI Max` दिसला तर तो बंद, कारण तो तुमचे कीवर्ड पुन्हा ब्रॉडसारखे पसरवतो. आणि `Recommendations` मधल्या `Auto-apply` मध्ये जाऊन सगळ्या खुणा काढा, नाहीतर काही दिवसांनी तुम्ही न टाकलेले कीवर्ड खात्यात सापडतील. त्याच पानावर टक्क्यांमध्ये एक ऑप्टिमायझेशन स्कोअर दिसतो. गूगलच्या शिफारशी किती पाळल्या त्याचा तो आकडा आहे. तुमच्या गल्ल्याशी त्याचा संबंध नाही.

बोली किती लावायची

इथे अंदाजाने आकडा टाकू नका, मागून मोजत या. दुरुस्तीच्या एका कामात 1,200 सुटतात. तुमच्या 31 फोनांतून 14 कामं झाली, म्हणजे शंभरातले पंचेचाळीस. तेव्हा एका फोनची किंमत 1,200 च्या 45 टक्के, 540 रुपये. निव्वळ सर्चवर दहा क्लिकमागे एक फोन येतो असं तूर्त धरा, म्हणजे एका क्लिकला 54. त्यातून जीएसटी काढा: 54 भागिले 1.18, साधारण 46. ही ना नफा ना तोटा रेषा. हेच सर्व्हिसिंगला लावलं तर 250 चे 112, दहाने भागून 11, कर जाऊन साडेनऊ रुपये.

46 आणि साडेनऊ. इतकी वर्षं दोन्हीसाठी एकच सरासरी मोजणारे दुकानदार पाहिले की वाईट वाटतं. अर्थात सर्व्हिसिंगचा ग्राहक पुढे वार्षिक करार करत असेल, पावसाळ्यानंतर पुन्हा बोलावत असेल, तर त्याचं मोल 250 नाही. ते तुमच्या जुन्या वह्यांतून काढा आणि वर्षाचा आकडा धरा.

गटागणिक वेगळी बोली लावायची तर पहिल्या महिन्यात `Manual CPC` ठेवा. तो पर्याय थेट दिसत नाही. बोलीच्या जागी 'बोलीची पद्धत स्वतः निवडा, शिफारस नाही' अशा अर्थाची एक लहान ओळ असते, तिच्या मागे तो लपलेला असतो. कँपेन करताना नाही सापडला तर नंतर सेटिंगमध्ये `Bidding` खाली बदला. `Maximize clicks` मध्येही कमाल बोली लावता येते, पण ती सगळ्या कँपेनला एकच लागते, म्हणून इथे ती उपयोगाची नाही. दुरुस्तीच्या गटाला रेषेच्या थोडं खाली 38-40 आणि सर्व्हिसिंगला 9 ने सुरुवात करा.

सर्व्हिसिंगची जाहिरात 9 रुपयांत दिसणारच नाही, असं होऊ शकतं. तसं झालं तर ती महत्त्वाची माहिती आहे: शेजारचे लोक त्या कामासाठी तुमच्याहून जास्त मोजतायत, आणि तुमच्या नफ्यात ते बसत नाही. गट बंद ठेवा, पैसे दुरुस्तीला द्या.

पहिले चार आठवडे

रोज उघडून बघू नका. खर्च एखाद्या दिवशी 500 ऐवजी 900 दिसेल. गूगल एका दिवशी रोजच्या बजेटच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतं, मात्र महिन्याचा हिशोब 30.4 पटीत, म्हणजे 15,200 च्या आत ठेवतं. त्याने घाबरून बजेट कमीजास्त करत बसलात तर काहीच कळणार नाही.

आठवड्यातून एकदा `Search terms` उघडा, खर्चाने उतरत्या क्रमाने लावा आणि वरच्या वीस ओळी वाचा. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न: हा माणूस मला फोन करून घरी बोलावेल का? नाही तर तो शब्द नकारात्मक यादीत. पहिल्या दोन आठवड्यांत पंधरा-वीस शब्द निघतात, नंतर ओघ आटतो. इथेही काही शोध झाकलेले राहतातच. पूर्ण ताबा म्हणजे पूर्ण उजेड नव्हे.

दुरुस्तीच्या गटाला शंभर क्लिक झाले की सिमकार्डाचा कॉल लॉग बघा. दहाच्या आसपास फोन आले असतील तर गृहीतक बरोबर, बोली तशीच ठेवा. चारच आले तर फोनची किंमत तीच राहते आणि क्लिकची परवडणारी किंमत 46 वरून 18 वर येते. मग बोली उतरवायच्या आधी पान तपासा: मोबाइलवर उघडायला किती वेळ लागतो, फोनचं बटण न सरकवता दिसतं का, 'आज येऊ शकतो' असं कुठे लिहिलंय का.

जाहिरात कमी दिसत असेल तर कारण दोन रकान्यांत मिळतं. त्यांतला IS म्हणजे दिसण्याच्या संधींतला तुमचा वाटा. `Search lost IS (budget)` मोठा असेल तर पैसे दिवस संपायच्या आत संपतायत. बजेट वाढवता येत नसेल तर एक वर्तुळ काढा किंवा तुम्ही फोन उचलत नाही ते तास बंद करा. `Search lost IS (rank)` मोठा असेल तर बोली किंवा जाहिरातीचा दर्जा कमी पडतोय. स्मार्टच्या पडद्यावर ही फोड न दिसल्यानेच बहुतेक लोक दोन्ही दुखण्यांवर एकच औषध घेतात, बजेट वाढवायचं.

महिन्याला तीसेक खरे, मिनिटभर चाललेले कॉल खात्यात नोंदले जायला लागले की मग बोली यंत्रणेकडे द्यायला हरकत नाही, `Maximize conversions` लावा. त्यावेळी या कँपेनचं ध्येय म्हणून फक्त तो मिनिटभराचा कॉल निवडा, जुनी `Smart campaign` नावाची मोजमापं त्यात येऊ देऊ नका. ती राहिली तर स्वयंचलित बोली पुन्हा टॅपच्याच मागे धावेल आणि तुम्ही महागड्या रस्त्याने होतात तिथेच याल. बदलल्यावर आठवडाभर आकडे वरखाली होतात, तेवढं थांबा.

परफॉर्मन्स मॅक्सचं काय

ते स्मार्टचंच थोरलं भावंड समजा. एकाच कँपेनमधून सर्च, नकाशा, यूट्यूब, जीमेल, डिस्प्ले सगळीकडे जाहिरात जाते आणि कुठे किती द्यायचं ते यंत्रणा ठरवते. आधी त्यात फारसं काही दिसत नव्हतं. 2025 पासून कँपेनला नकारात्मक कीवर्ड लावता येतात आणि कोणत्या माध्यमावर किती खर्च झाला तेही दिसायला लागलंय, म्हणजे स्मार्टपेक्षा ते नक्कीच बरं आहे. पण ते रूपांतरणांच्या आकड्यावर जगतं. ऑनलाइन विक्री असलेल्या दुकानाला ते शोभतं, कारण तिथे प्रत्येक ऑर्डर रुपयांसकट मोजली जाते. तुमच्या खात्यात आज 142 टॅप आहेत आणि 31 फोन. हे दूध त्याला पाजलंत तर ते आणखी जोमाने टॅप आणून देईल. सर्चवर तीन-चार महिने खऱ्या कॉलची नोंद साठली आणि `Search lost IS (budget)` शून्याजवळ आला, म्हणजे बजेट अपुरं पडून परिसरातली मागणी हातची जात नाही असं दिसलं, की मग 150 रुपये रोजचे लावून बघा. सर्चच्या बजेटला हात न लावता.